‘फक्त पावसामुळे असं लिहा’

*मी लहान कंत्राटदार आहे. एका सरकारी खात्याचं नाल्यावरच्या तीन गाळ्यांच्या पुलाचं काम बी-१ टेंडरवर घेतलं. वर्क ऑर्डर १५ नोव्हेंबर २०२४ ची, मुदत पावसाळा धरून १२ महिने, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२५ पर्यंत. डाव्या काठाची जागा शेतकऱ्यांच्या हरकतीमुळे २८ जानेवारीला मिळाली. तिच्यावरून जाणारी ११ केव्हीची लाइन २० फेब्रुवारीला हलली. खोदाईत ठरलेल्या पातळीला खडक लागला नाही; सुधारित ड्रॉइंगसाठी ६ मार्चला पत्र दिलं, ड्रॉइंग ९ एप्रिलला आलं. रनिंग बिलही तीन महिने थकलं. मग पाऊस. डाव्या बाजूचं काम अजून बाकी आहे. मी सगळे दिवस मोजले तर बेरीज ३८० झाली. उपअभियंता साहेब म्हणतात, ‘पावसामुळे काम राहिलं एवढंच लिहा, सहा महिने मागा, आणि नुकसानभरपाई मागणार नाही असं हमीपत्र जोडा. जागेचं, लाइनचं लिहिलंत तर फाइल अडकेल.’ एक मित्र म्हणतो, मागच्या तारखांची पत्रं तयार करून घे. मला दंड नको आणि खात्याशी वाकडंही नको. मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा, कामाचा बार चार्ट आणि साइटची डायरी सोबत पाठवत आहे. काय करू?*

*— एक कंत्राटदार*

नमस्कार.

तुमची कागदपत्रं दोनदा वाचली. अशा फायली मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने तपासल्या आहेत, त्यामुळे तुमचं पत्र तिथे गेल्यावर कोण कुठे बोट ठेवेल याचा मला अंदाज आहे. तुमची बाजू चांगली आहे. मसुदा मात्र तिला मारक आहे, आणि साहेबांनी सुचवलेला मजकूर त्याहूनही जास्त.

आधी पावसाचंच बघू. तुमच्या मुदतीत ‘पावसाळा धरून’ हे दोन शब्द आहेत. आपल्याकडच्या बहुतेक टेंडर नोटिशीत ते असतात आणि भरताना कोणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. त्यांचा अर्थ सरळ आहे. चार महिने नाला वाहणार, पात्रात सेंटरिंग उभं राहणार नाही, हे तुम्हाला टेंडर भरताना ठाऊक होतं आणि ते धरूनच तुम्ही १२ महिने कबूल केलेत. म्हणून ‘पावसामुळे काम राहिलं’ हे मुदतवाढीचं कारणच होत नाही. आज उपअभियंता साहेब ते चालवून घेतील. पण मंजुरी त्यांची नाही, कार्यकारी अभियंत्यांची आहे, आणि पुढे ऑडिट आहे. ऑडिटने ‘पावसाळा मुदतीत समाविष्ट असताना मुदतवाढ कशी दिली’ असा शेरा मारला की वसुली तुमच्या अंतिम बिलातून किंवा अनामतीतून होते. तोपर्यंत साहेबांची बदलीही झालेली असते. हातात उरतं ते तुमच्या सहीचं पत्र, ज्यात तुम्हीच लिहून दिलंय की जागेचा, लाइनचा, ड्रॉइंगचा काही प्रश्न नव्हता.

साहेब तुमच्या वाईटावर आहेत असं मला वाटत नाही. जागा ताब्यात नसताना टेंडर का काढलं, हा प्रश्न वरून त्यांनाच विचारला जाणार, त्याची त्यांना धास्ती आहे. ती समजून घ्या. मात्र तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की खरं कारण लिहिणं म्हणजे खात्यावर आरोप करणं. मसुद्यातलं ‘खात्याच्या अक्षम्य हलगर्जीमुळे’ हे वाक्य आरोप आहे. ‘डाव्या काठाची जागा दि. २८/०१/२०२५ रोजी ताब्यात मिळाली’ ही नोंद आहे, आणि ती खात्याच्या ताबा पावतीतही आहे. विशेषणं काढून टाका, तारखा राहू द्या. साहेबांना जाऊन सांगा की मी कोणाचं नाव घेतलेलं नाही, कोणाला दोष दिलेला नाही, तुमच्याच दप्तरातल्या तारखा लिहिल्या आहेत. शिफारस लिहिताना त्यांनाही अशाच पत्राचा आधार होतो. पावसाच्या पत्रावर शिफारस केली तर ऑडिटपुढे उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

आता ३८० दिवस. मुदत ३६५ दिवसांची आणि अडथळा ३८० दिवसांचा, हे वाचून कोणीही पत्र बाजूला ठेवेल. तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येक अडथळ्याची सुरुवात आणि शेवट बरोबर आहे. चूक आहे ती बेरजेत. जागेचे ४४ दिवस, लाइनचे ६७, ड्रॉइंगचे ३४, बिलाचे ९२ आणि पावसाचे १४३ तुम्ही एकाखाली एक मांडलेत. पण दिनदर्शिकेतला एक दिवस एकदाच वाया जातो, त्या दिवशी कारणं कितीही असोत.

ही मोजणी आपण एकत्र करू. तुमच्याकडे आहे तसा बार चार्ट असलेल्या कोणालाही याच रीतीने ती करता येईल. वर्क ऑर्डरनंतर तुम्ही खात्याला दिलेला तो चार्ट औपचारिकता म्हणून केलाय असं तुम्ही लिहिता. माझ्या मते तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे, कारण अडथळा येण्याआधी काय ठरलं होतं ते त्याच्यावर आहे आणि त्यावर खात्याची पोच आहे. त्यात डाव्या अबटमेंटची खोदाई १६ डिसेंबरला सुरू होते. डाव्या बाजूचा पाया, अबटमेंट, शेजारचा पिअर आणि वरचे स्लॅब हे सगळं ३१ मेपर्यंत संपतं. मग पावसाळ्याची सुट्टी. १६ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर हे शेवटचे ३० दिवस डाव्या जोडरस्त्याच्या भरावाला आणि किरकोळ कामांना. म्हणजे डाव्या बाजूच्या पुलाला तुम्ही १६ डिसेंबर ते ३१ मे असे १६७ कोरडे दिवस धरले होते.

जागा १६ डिसेंबरला हवी होती, मिळाली २८ जानेवारीला. हे ४४ दिवस. वीजवाहिनीखाली पोकलेनचा हात उचलता येत नाही, म्हणून २० फेब्रुवारीपर्यंत खोदाई शक्यच नव्हती. हे १६ डिसेंबरपासून मोजले तर ६७ दिवस भरतात, पण त्यातले पहिले ४४ जागेच्या दिवसांवरच पडतात. लाइन डिसेंबरात हलली असती तरी जागा नव्हतीच. म्हणून दोन्ही मिळून ६७, १११ नाही. पत्रात दोन्ही कारणं लिहा, पण लाइनपुढे ‘निव्वळ वाढीव दिवस २३’ असं लिहा. कोणते दिवस एकमेकांवर पडतात हे तुम्ही स्वतःच दाखवलंत की तपासणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो. त्याने स्वतः शोधून काढले तर उरलेल्या आकड्यांवरही तो शंका घेतो.

२१ फेब्रुवारी ते ५ मार्च तुम्ही १३ दिवस खोदाई केली. ६ मार्च ते ८ एप्रिल ड्रॉइंगसाठी काम थांबलं, ते ३४ दिवस. ६७ आणि ३४ मिळून १०१. नंतर ९ एप्रिलपासून २५ मेपर्यंत ४७ दिवस काम झालं. २०२५ साली पाऊस फार लवकर आला. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या सुमारास येतो, त्या वर्षी २६ मे रोजीच पोचला, आणि तुमच्या डायरीतही त्याच दिवशी नाल्याला पाणी आल्याची नोंद आहे. चार्टमध्ये ३१ मेपर्यंतचे दिवस कोरडे धरले होते, म्हणजे ६ दिवस गेले. पावसाच्या नावाने तुम्हाला मागता येतील ते एवढेच: १४३ मधले ६. त्यासाठी तुमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस कृषी खात्याच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळतो. त्या आठवड्याचा तक्ता छापून जोडा.

आता दुसऱ्या बाजूने पडताळा करा. डाव्या बाजूला १६७ दिवस लागणार होते. प्रत्यक्षात १३ आणि ४७ असे ६० मिळाले. उरले १०७. अडथळ्याच्या बाजूने १०१ आणि ६ मिळूनही १०७ च होतात. दोन वाटांनी एकच आकडा आला की हिशेब बसला असं समजा. १६ ऑक्टोबरपासून १०७ दिवस धरले तर ३० जानेवारी २०२६ येते. त्यापुढे जोडरस्त्याचे ३० दिवस धरले की १ मार्च. १४ नोव्हेंबरपासून मोजलं तरी १०७ दिवसच होतात. म्हणून १ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मागा. साहेब म्हणतात ते सहा महिने मोघम आहेत. १०७ दिवसांच्या मागे तारखा आहेत.

यातही एक टोचणारी गोष्ट आहे, आणि ती आपणच काढलेली बरी. डायरीत एप्रिलअखेर मजूर गावी गेल्यामुळे ९ दिवस काम बंद असल्याची नोंद आहे. ते दिवस मी वरच्या ४७ मध्ये ‘मिळालेले’ म्हणून धरले आहेत, कारण काम करण्याची मोकळीक तुम्हाला होती. याचा अर्थ प्रत्यक्षात तुम्हाला १०७ ऐवजी ११६ दिवस लागतील, पण मागता येतात १०७. ते ९ दिवस जास्तीचं सेंटरिंग आणून किंवा दुसरी पाळी लावून तुम्हालाच भरून काढावे लागतील. डायरीतली ती नोंद फाडू नका, त्यावर पांढरा रंगही लावू नका. शाखा अभियंत्याच्या भेट टिपणातही ती असणार.

बिलाचे ९२ दिवस मसुद्यातून पूर्ण काढा. मला कळतं की तीन महिने पैसे अडकल्यावर लहान कंत्राटदाराची काय दशा होते. व्याजाने पैसे उचलून मजुरांचा आठवडा भागवावा लागतो. पण मुदतवाढीच्या पत्रात एकच प्रश्न असतो: या कारणामुळे कोणतं काम, कोणत्या दिवशी थांबलं? तुमच्या डायरीप्रमाणे १२ फेब्रुवारी ते १४ मे या काळात उजव्या पिअरची कॅप ओतली गेली, उजवा जोडरस्ता झाला आणि एप्रिलपासून डाव्या पायाचं काँक्रीटही चालू होतं. बिल थकलं आणि काम चालू राहिलं. मग दिवस गेले कुठे? ही तक्रार वेगळ्या पत्रात, बिलाच्या तारखांसह द्या. दोन्ही एकत्र केलेत तर या पत्रातला पक्का भागही कमकुवत होईल.

याच्या उलट एक आक्षेप येईल, त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवा. ‘डिसेंबर-जानेवारीत तुमचं काम चालूच होतं, मग अडथळा कसला?’ हो, उजव्या बाजूचं काम चालू होतं, ते लपवू नका. पण पूल कधी संपेल हे उजवी बाजू ठरवत नाही, डावी ठरवते. उजवी बाजू तुम्ही मेपूर्वीच पूर्ण केली आणि तरीही पूल उभा नाही, यातच ते उत्तर आहे. दुसरा आक्षेप असा असेल: ‘९ एप्रिलला ड्रॉइंग मिळालं, त्यानंतर सात महिने होते.’ इथे पावसाचा उल्लेख येऊ द्या, पण त्याच्या जागेवर. पावसाने काम थांबवलं असं लिहू नका. जागा, लाइन आणि ड्रॉइंग यांत कोरड्या हंगामातले १०१ दिवस गेले. त्या दिवसांचं काम नाल्यात पाणी असताना करता येत नाही, म्हणून ते ऑक्टोबरनंतरच होईल, असं लिहा. वर्क ऑर्डर फेब्रुवारीची आणि मुदत जूनअखेरची असती तर हेच दिवस पावसाळा ओलांडून गेले असते आणि मुदतवाढ आणखी चार-साडेचार महिन्यांनी लांबली असती. तुमची मुळची तारीख पावसाळ्यानंतरची होती, म्हणून कोरड्या दिवसांच्या बदल्यात कोरडे दिवस, एवढंच गणित पुरतं.

कलमांकडे येऊ. मसुद्यात तुम्ही ‘कलम ८.४ आणि २०.१ नुसार’ लिहिलंय आणि २८ दिवसांच्या नोटिशीचा हवाला दिलाय. ही कलमं फिडिकच्या १९९९ च्या करार नमुन्यातली आहेत. परदेशी कर्जावरच्या मोठ्या प्रकल्पांत तो नमुना असतो, आणि इंटरनेटवर मिळणारी नमुना पत्रं बहुतेक त्याच्यावरच बेतलेली असतात. तुमच्या बी-१ करारात ती कलमं नाहीत. नसलेल्या कलमाचा आधार घेतला की समोरच्याला वाटतं, याने स्वतःचा करार वाचलेलाच नाही. तुमच्या कामाचं कलम ६ आहे. अपरिहार्य अडथळा आला किंवा दुसरं काही कारण असलं तर मुदतवाढीसाठी कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज करावा, तो अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मूळ मुदत संपण्यापूर्वी, यांतलं जे आधी असेल तेव्हा करावा, आणि योग्य वाटेल तेवढी मुदतवाढ त्यांनी द्यावी, असा त्याचा आशय आहे. त्याच्या शेजारी कलम २ आहे, विलंबाच्या दंडाचं. दिवसागणिक टक्क्याने वाढत तो अंदाजित खर्चाच्या कमाल १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या सहीच्या करारप्रतीत ही दोन्ही कलमं शब्दन् शब्द वाचा, कारण जादा अटींमध्ये कधीकधी दिवस बदललेले असतात. केंद्रीय बांधकाम खात्याचं काम करणाऱ्या वाचकांसाठी सांगतो, तिथे हेच कलम ५ आहे, अर्ज घटनेपासून १४ दिवसांत विहित नमुन्यात करायचा असतो आणि साइटवर हिंड्रन्स रजिस्टर ठेवावं लागतं. बी-१ च्या कामावर असं रजिस्टर कोणी मागितलं नाही तरी ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. एका ओळीत अडथळा कधी सुरू झाला, कधी संपला, त्याने कोणतं काम अडलं, आणि शेवटी शाखा अभियंत्याची सही.

कलम ६ मधल्या ३० दिवसांमुळे तुमचे पाय लटपटलेत, आणि म्हणूनच मित्राचा सल्ला गोड वाटतोय. तो ऐकू नका. मागच्या तारखेचं पत्र म्हणजे बनावट कागद. खात्याच्या आवक नोंदवहीत त्या दिवशीचे क्रमांक ओळीने भरलेले असतात, त्यात मध्ये जागा नसते. कोणी जागा करून दिली तर त्याची नोकरी आणि तुमची नोंदणी, दोन्ही पणाला लागतात. आणि गरज कसली आहे? तुमच्या फाइलमध्ये खऱ्या तारखांचे कागद आहेतच. २० डिसेंबरचं जागा मागणारं पत्र पोचेसकट आहे. ६ मार्चचं ड्रॉइंगचं पत्र आहे. दोन्हीत ‘मुदतवाढ द्यावी’ हे शब्द नाहीत, हे खरं. पण अडथळा आहे आणि काम थांबलंय, ही माहिती खात्याला त्या-त्या वेळी मिळाली होती हे त्यातून दिसतं. जागा २० डिसेंबरला मागितली, म्हणजे अडथळा सुरू झाल्यावर चार दिवसांत. लाइनसाठी मात्र तुमच्याकडे स्वतःचं पत्र नाही, फक्त व्हॉट्सअॅपचे निरोप आहेत. ते तारीख आणि वेळ दिसेल असे छापून जोडा, पण मुख्य आधार वीज कंपनीच्या लाइन हलवल्याच्या अहवालाचा घ्या. त्याची प्रत उपविभागाकडे असते. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. पत्रात सरळ लिहा: अडथळ्यांची माहिती वेळोवेळी दिली होती, औपचारिक अर्ज अडथळ्यांचा एकत्रित परिणाम स्पष्ट झाल्यावर करत आहे, मूळ मुदत अजून संपलेली नाही. उशीर झाला हे मान्य करा. तेवढ्याने कार्यकारी अभियंत्यांचे हात बांधले जात नाहीत. कलमाने निर्णय त्यांच्याकडे सोपवला आहे.

तो निर्णय होईपर्यंत कोणी ‘मुदत संपली, काम काढून घेऊ’ अशी भीती घातली तर एक जुना निकाल माहीत असू द्या. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरच्या जलसेतूचं काम १९५५ मध्ये १२ महिन्यांच्या मुदतीने दिलं होतं, आणि सुरुवात धरली होती जुलैची, म्हणजे ऐन पावसाळ्यातली. मुदतीनंतर सरकारने करार रद्द केला. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९७९ साली निकाली निघालं. ज्या करारात विलंबाचा दंड आणि मुदतवाढ अशी दोन्ही कलमं आहेत, तिथे ठरलेली तारीख हाच कराराचा प्राण आहे असं म्हणता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. याचा आधार घेऊन निवांत बसू नका. खातं वाजवी नवी तारीख देऊन नोटीस काढू शकतं. म्हणूनच ती वाजवी तारीख आधी तुम्ही, हिशेबासह, मांडलेली बरी.

हमीपत्राबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ‘कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही’ ही एक ओळ अर्जाला जोडली की ती अर्जापेक्षा जड होते. कलम ६ मध्ये अशी अट नाही. तुमच्या टेंडरमध्ये भाववाढीचं कलम असेल, तर वाढीव काळातला फरक मिळतो की नाही हे विलंब कोणाकडे धरला यावर ठरतं. पावसाचं पत्र आणि हे हमीपत्र मिळून तुम्ही तो दरवाजा स्वतः बंद करता. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. याच पत्रात यंत्रांचं भाडं, मजुरांची पगारी रजा, व्याज असलं काही मागू नका. मुदत आणि पैसा हे दोन वेगळे हक्क आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत. पत्राच्या शेवटी एवढं वाक्य पुरे: ‘हा अर्ज केवळ मुदतवाढीपुरता असून करारातील अन्य हक्क अबाधित ठेवून करत आहे.’ हमीपत्राशिवाय फाइल पुढे सरकत नाही असं खरोखरच सांगितलं, तर ती मागणी लेखी द्या अशी नम्र विनंती करा. बहुतेक वेळा तिथेच विषय थांबतो. लेखी मागणी आलीच, तर सही करण्यापूर्वी वकिलांना दाखवा; दबावाखाली सही केली हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं.

पत्राचा गाभा मी तुमच्यासाठी लिहून देतो. पत्ता, विषय आणि संदर्भात करार क्रमांक, वर्क ऑर्डर आणि तुमची दोन पत्रं तुम्ही घाला.

*‘वरील कामाची मुदत दि. १४/११/२०२५ रोजी संपत आहे. करारातील कलम ६ अन्वये दि. ०१/०३/२०२६ पर्यंत, म्हणजे १०७ दिवस, कलम २ चा दंड न आकारता मुदतवाढ मिळावी ही विनंती.*

*सादर केलेल्या कार्यक्रमानुसार डाव्या अबटमेंटची खोदाई दि. १६/१२/२०२४ रोजी सुरू होणार होती. जागेचा ताबा दि. २८/०१/२०२५ रोजी मिळाला (४४ दिवस). ११ केव्ही वाहिनी दि. २०/०२/२०२५ रोजी स्थलांतरित झाली (निव्वळ वाढीव २३ दिवस). ठरलेल्या पातळीस खडक न लागल्याने दि. ०६/०३/२०२५ च्या पत्राने सुधारित ड्रॉइंग मागितले, ते दि. ०९/०४/२०२५ रोजी प्राप्त झाले (३४ दिवस). दि. २६/०५/२०२५ पासून नाल्यास पाणी आल्याने कार्यक्रमातील मे महिन्याचे ६ दिवस मिळाले नाहीत. या काळात उजव्या बाजूचे काम चालू ठेवून पूर्ण केले आहे; तथापि पुलाची पूर्तता डाव्या बाजूवर अवलंबून आहे.*

*पावसाळा मुदतीत समाविष्ट आहे याची जाणीव असून त्या काळासाठी मुदतवाढ मागितलेली नाही. वरील अडथळ्यांमुळे कोरड्या हंगामातील काम दि. १६/१०/२०२५ नंतर करावे लागत आहे. सुधारित कार्यक्रम सोबत जोडला आहे.’*

एवढं पुरे. एका पानात बसतं. मागे एक तक्ता जोडा आणि त्यात प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या कागदात आहे ते लिहा: ताबा पावती, लाइन हलवल्याचा अहवाल, ड्रॉइंगचं जावक पत्र, पावसाचा तक्ता, डायरीची पानं. ज्या तारखेपुढे कागद नाही ती तारीख पत्रात ठेवू नका. सुधारित कार्यक्रमात ३० जानेवारी आणि १ मार्च या दोन तारखा स्पष्ट दाखवा, आणि ते ९ दिवस कसे भरून काढणार हेही. जास्तीचं सेंटरिंग प्रत्यक्ष आणणार असाल तरच ते लिहा.

पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, प्रत उपअभियंत्यांना. त्याआधी मसुदा घेऊन साहेबांकडे स्वतः जा, त्यांना वाचू द्या. एखादी तारीख त्यांच्या दप्तराशी जुळत नसेल तर तिथेच दुरुस्त करा. जागेचा ताबा २८ ऐवजी २७ जानेवारीला दिल्याची नोंद असेल तर एक दिवस सोडून द्या आणि बेरीज बदला. कारण बदलायला सांगितलं तर मात्र हात जोडून नाही म्हणा.

विभागीय कार्यालयात आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका, आणि त्याच दिवशी तेच पत्र ईमेलनेही पाठवा. हे सगळं १४ नोव्हेंबरपूर्वी, शक्य असेल तर याच आठवड्यात. तुमच्या बँक गॅरंटीची मुदत मी कागदांत पाहिली, ती ३१ डिसेंबरला संपते. मुदतवाढ मंजूर होण्याची वाट न पाहता तिचं आणि कामाच्या विम्याचं नूतनीकरण मार्चनंतरच्या तारखेपर्यंत करून घ्या. गॅरंटी संपत आली की ती वठवण्याचं पत्र बँकेला आधी जातं आणि तुम्हाला नंतर कळतं.